माइक बंद ठेवून

जयाचा पाय प्लास्टरमध्ये होता आणि तिला बसून राहणं जमत नव्हतं. तिच्याबद्दल एवढी गोष्ट तिच्या घरात, गल्लीत आणि हिंगण्याच्या कारखान्यात पॅकिंगच्या लाइनवर उभ्या असणाऱ्या सगळ्यांना माहीत होती. ड्यूटी संपवून मोटरसायकलवर घरी येताना वाडीच्या अलीकडे एक ट्रक अंगावर आला, तिने गाडी रस्त्याखाली घातली आणि नडगीचं हाड मोडलं. डॉक्टर म्हणाले, पाय जमिनीला लावायचा नाही. नवरा नागसेन सकाळी कामावर जायचा, मुलगी दीप्ती शाळेत जायची, आणि नागपूरच्या इंदोऱ्यातल्या त्या दोन खोल्यांत जया पलंगावर एकटी उरायची.

पहिल्या आठवड्यात तिने दीप्तीला कपाटातले कपडे पलंगावर काढून द्यायला लावले आणि सगळे पुन्हा घड्या घालून ठेवले. दुसऱ्या आठवड्यात कुबड्या घेऊन ती अंगणापर्यंत गेली म्हणून नागसेन रागावला. त्यानंतर ती नुसती खिडकीकडे पाहत राहायची, आणि चांगल्या पायाचा अंगठा हलत राहायचा.

"अवं, गेम खेळत जाय ना," लाइनवरची काजल तिला पाहायला आली तेव्हा म्हणाली. "मी तर बसमध्ये खेळतो रोज."

"मी काय लहान पोरगी आहो का?"

"मोठ्याईचाच आहे हा. पाह्य तर."

काजलने तिच्या फोनवर तो उतरवून दिला. त्याचं इंग्रजी नाव लांबलचक होतं. खेळणारे सगळे त्याला 'कंदील' म्हणत. जुन्या कोळशाच्या खाणीत चौघं उतरतात. पडद्यावर प्रत्येकाची एक बाहुली, सगळ्यांची सारखीच, फक्त कपडे वेगळे. त्यांच्याजवळ एकच कंदील. तो खाणीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जिवंत न्यायचा. कंदील ज्याच्या हातात त्याला पळता येत नाही आणि मारताही येत नाही. अंधारातून सावल्या येतात. बाकीच्या तिघांनी त्यांना झुलवायचं, अडवायचं, वाट मोकळी करायची. कंदील धरणारा थकला की तो जवळच्याच्या हातात द्यायचा. खाली ठेवला तर वात उतरू लागते. आणि जिंकायचं तर एकट्याने जिंकता येत नाही. तुम्ही कितीही चांगले खेळा, कंदील विझला की चौघंही हरले.

"बाकीचे तिघं कोण?" जयाने विचारलं.

"कोणीबी. गेमच शोधून देते. तुयासारखेच नवशिके, जवळपासच्याच देशातले, म्हणजे फोन अडकत नाही."

काजल गेल्यावर जयाने सुरुवात केली आणि पहिल्याच वळणावर ती पडली. सावलीचा फटका बसला की माणूस गुडघ्यावर येतो. मग सोबत्यापैकी कोणीतरी त्याच्याजवळ उभं राहून हाताच्या चिन्हावर बोट दाबून धरायचं, पट्टी पूर्ण भरेपर्यंत. बोट उचललं की पट्टी पुन्हा पहिल्यापासून. तेवढ्या वेळात सावली आली तर उठवणाराही पडतो. म्हणून अनोळखी लोक बरेचदा पडलेल्याला तसंच टाकून पुढे निघून जायचे, आणि पुढच्या चौकीपर्यंत, म्हणजे पडलेले आपोआप उठतात त्या टप्प्यापर्यंत, तुम्ही नुसतं दुसऱ्यांचं पाहत बसायचं.

जयाला ते पाहत बसणं सहन व्हायचं नाही. ती पुन्हा खेळायची. तिचा माइक कायम चालू असायचा. "अरे इकडे ये ना गा! कंदील घे! घे ना!" समोर पंजाबचा कोणी असो, की ढाक्याचा, ती नागपुरीत ओरडायची. काही जण हसायचे, काही जण तिचा आवाज बंद करून टाकायचे.

अशाच एका दुपारी तिच्या चमूत 'आर-नऊ' नावाची खेळाडू आली. नाव इंग्रजी अक्षरांत, पुढे नऊचा आकडा, बाहुलीला बाईचे कपडे. ती काही बोलत नव्हती. नुसती खुणा करायची. खेळात पडद्यावर बोट दाबून धरलं की चार खुणांचं चक्र उघडतं: इकडे, थांबा, धोका, मदत. जिथे खूण कराल तिथे सगळ्यांच्या पडद्यावर एक रंगीत ठिणगी उठते. शिवाय 'छान' आणि 'धन्यवाद' अशी तयार वाक्यं पाठवता येतात. आपल्या मनाने काही लिहून पाठवायची सोय त्या खेळात नाहीच. बोलायचं तर माइकवर.

आर-नऊने माइक कधीच लावला नाही. पण तिच्यासारखं खेळणारं जयाने दुसरं कोणी पाहिलं नव्हतं. मागून सावली आली की बाकीच्यांना कळायच्या आधी तिची 'धोका'ची ठिणगी नेमक्या दिशेला उठायची. "कान तर कुत्र्याचे आहेत हिचे," जया स्वतःशी म्हणायची. आणि जया पडली की आर-नऊ परत यायची. प्रत्येक वेळी. पट्टी भरेपर्यंत बोट उचलायची नाही.

खेळ संपला की 'नुकतेच सोबत खेळलेले' अशी यादी येते. त्यातून पुन्हा बोलावता येतं. जया तिला बोलवायची आणि ती यायची. दुपारची ती वेळ ठरून गेली. नागसेनचा फोन आला तर जया म्हणायची, "मंग करतो, आता कामात आहो."

खाणीच्या मध्यावर खांबांची एक लांब दालनवजा जागा होती. तिथली सावली फार वेगाची, पण तिला झटकन वळता यायचं नाही. सगळे खेळाडू ती दिसल्याबरोबर पळत सुटायचे आणि मग सावली कंदिलाकडे वळायची. आर-नऊ तसं करत नव्हती. ती उभी राहायची. सावली हातभर अंतरावर येईपर्यंत हलायची नाही. मग डावीकडे अर्धं पाऊल, तिथेच थबकायचं, आणि उजवीकडून निघून दोन खांब सोडून तिसऱ्याला वळायचं. सावली डावीकडे वाहवत जायची. ती तोवर दुसऱ्या बाजूला पोचून पुन्हा उभी. जया कंदील धरून खांबांच्या कडेने चालत होती, आणि एकदम तिचं बोट पडद्यावरून सुटलं.

हे तिने पाहिलं होतं. फोनमध्ये नाही. शाळेच्या मैदानावर, चुन्याच्या रेषांमध्ये, खो-खोच्या सामन्यात. खो-खोत पाठलाग करणाऱ्याला मागे वळता येत नाही, हे ठाऊक असूनही बाकीच्या पोरी नुसत्या पळायच्या. वैभवी उभी राहायची. बाजूला मॅडम ओरडायच्या, "निघ, वैभवी, निघ!" आणि ती हात अंगाला लागेपर्यंत थांबायची. मग डावीकडे अर्धं पाऊल, आणि उजवीकडून पसार.

"वैभवी?" जया माइकवर म्हणाली.

आर-नऊ पुन्हा खांबाला वळली.

"वैभवी! मी जया! जया मेश्राम! तू वैभवी आहेस ना वं? बोल ना!"

काहीच नाही. जया कंदील धरून नुसती उभी होती, सावली तिच्यावर आली, आणि चौघंही हरले. चमूतला कोणीतरी हिंदीत म्हणाला, "आंटी, बातें बाद में कर लेना." आर-नऊने नेहमीसारखं 'छान' पाठवलं आणि गेली.

वैभवी आणि जया पाचवीपासून दहावीपर्यंत एकाच बाकावर बसल्या होत्या. वैभवीचे वडील कळमेश्वरकडचे शेतकरी. शिक्षणासाठी त्यांनी पोरीला नागपुरात मावशीकडे ठेवली होती. जयाच्या घरी ती इतकी यायची की जयाच्या आईने तिच्या नावाचं एक ताटच ठेवलं होतं. दहावीची परीक्षा झाली, वैभवी गावी परतली. तेव्हा दोघींच्याही घरी फोन नव्हता. मावशीने घर बदललं. भांडण झालं नाही, कोणी कोणाला दुखावलं नाही. नुसत्या दोघी सुटून गेल्या. मागच्या वर्षी शाळेच्या बॅचचा व्हॉट्सॲप ग्रुप निघाला तेव्हा पंचफुला नावाच्या मैत्रिणीने सगळ्यांना शोधून काढलं. वैभवी मात्र कोणालाच सापडली नाही.

जयाला आता पलंगावर पाठ टेकवत नव्हती. नागसेन घरी आला तेव्हा त्याने बूट काढायच्या आधीच तिने त्याला सांगितलं.

"पळण्यावरून ओळखली?" तो म्हणाला. "बाहुलीच्या पळण्यावरून?"

"बाहुली तर सगळ्याईचीच सारखी असते. पळवणारी तीच आहे."

"मंग बोलत काहून नाही ती?"

जयाने फोन हातात घेतला. तिने एक मार्ग शोधला. खेळात आपलं नाव बदलता येतं, पण एकदा बदललं की महिनाभर पुन्हा बदलता येत नाही. आत्तापर्यंत तिचं नाव काजलने दिलेलं 'नागपूरक्वीन' होतं. ते काढून तिने इंग्रजी अक्षरांत टाकलं: 'जया-इंदोरा-खोखो'. यापेक्षा स्पष्ट काय सांगणार?

दुसऱ्या दुपारी तिने बोलावणं पाठवलं. आर-नऊ आली. खेळ सुरू व्हायच्या आधी चौघांची नावं डोक्यावर झळकतात. जयाचा माइक चालू होताच. "वैभवी, नाव वाच! मायं नाव वाच!"

आर-नऊची बाहुली जागीच थांबली. खाणीचं दार उघडलं, बाकीचे दोघं निघाले, ती तशीच. मग तिच्या नावाशेजारी तुटलेल्या तारेचं चिन्ह आलं. कोणी मधूनच निघून गेलं की त्याची बाहुली खेळ स्वतः चालवतो, जेणेकरून उरलेले अडकू नयेत. आर-नऊची बाहुली पुन्हा चालू लागली, पण खांबांच्या दालनात ती सावली दिसल्याबरोबर सरळ रेषेत पळाली. डावीकडे पाऊल नाही, थांबणं नाही. जयाने ते पाहिलं. नाव तेच, कपडे तेच, आत कोणी नाही.

त्यानंतर आर-नऊच्या नावापुढे हिरवा ठिपका दिसायचा, म्हणजे ती खेळात असायची. पण जयाचं बोलावणं घ्यायची नाही. मैत्रीची विनंती तशीच पडून राहिली.

"नसन यायचं तिले," नागसेन म्हणाला. "सोड ना आता."

"कायले सोडू? नाव वाचून गेली ती. म्हणजे ओळखली तिनं."

"ओळखली म्हणूनच गेली असन."

जया त्या दिवशी जेवली नाही. तिने सगळं उलटसुलट आठवून पाहिलं. आपण काही बोललो होतो का? तिच्या सासरी जुन्या ओळखी चालत नसतील का? इंदोरा, बौद्धांची वस्ती, हे नाव वाचून घरातलं कोणी जातीवरून काही म्हणालं असेल का? या शेवटच्या विचाराने तिला राग आला, आणि मग वैभवीबद्दल असं मनात आणल्याचा स्वतःचाही राग आला. पोरीने रोज आपल्या घरी भाकर खाल्ली होती.

पुढे जे कळलं ते साध्या कारणाने कळलं. दीप्तीची परीक्षा आली आणि ती दुपारी घरी अभ्यासाला बसू लागली.

"आई, आवाज बंद कर ना. मले पाठ होऊन नाही राहिलं."

जयाचे इयरफोन अपघातातच गेले होते. तिने फोनचा आवाज पूर्ण बंद केला आणि खेळायला बसली. आणि तिला समजलं की या खेळात आवाज किती लागतो. सावलीच्या पायाखाली कोळशाची खडी वाजते, ती कोणत्या बाजूने वाजते त्यावरून वळायचं असतं. आवाजाशिवाय ती पुन्हा पुन्हा पाठीमागून मार खाऊ लागली. चिडून तिने सेटिंगमध्ये शोधाशोध केली. खाली एका कोपऱ्यात एक बटण होतं: आवाज चित्रात दाखवा. तिने ते दाबलं.

पडद्याच्या मधोमध, तिच्या बाहुलीभोवती एक फिकट गोल उमटला. मागे डावीकडे सावली वाजली की गोलाचा तेवढाच तुकडा लाल व्हायचा. जवळ आली की जाड, दूर गेली की बारीक. कानाने फसायला व्हायचं, तेही यात होत नव्हतं. दिशा अगदी नेमकी. जयाने 'धोका'ची खूण केली. बाकीच्यांना अजून कळलंच नव्हतं.

आणि ती थांबली.

आर-नऊ अशीच खूण करायची. सगळ्यांच्या आधी, नेमक्या दिशेला. पण "कंदील घे" असं जया घसा फोडून ओरडली तरी ती कधी वळली नव्हती. जयाने 'इकडे'ची ठिणगी टाकली की लगेच वळायची. एकदाही चुकली नव्हती. आणि एकदाही बोलली नव्हती.

"दीप्ती," जया म्हणाली.

"काय वं आई? आता तर आवाज बंद आहे."

"काही नाही. वाच तू."

ती पुन्हा पडद्याकडे वळली. तिचं स्वतःचं नाव कोपऱ्यात होतं, त्याच्याशेजारी माइकचं छोटं चिन्ह. बोललं की ते हिरवं होऊन लुकलुकतं. इतके दिवस समोरच्या पडद्यावर ते सतत लुकलुकत असणार. जयाने त्यावर बोट ठेवलं. चिन्हावर आडवी लाल रेघ आली. माइक बंद.

मग तिने चौघांचा नाही, खाजगी खोलीचा पर्याय उघडला. त्यात दोघीच खेळू शकतात, उरलेल्या दोन जागा खेळ स्वतःच्या बाहुल्यांनी भरतो. खोलीत कोण बसलंय आणि कोणाचा माइक बंद आहे, हे बोलावणं घेण्याआधी दिसतं. तिने आर-नऊला बोलावणं पाठवलं. ते वेळ संपून परत आलं. तिने पुन्हा पाठवलं. पुन्हा परत. तिचा अंगठा प्लास्टरच्या टोकाला हलत होता. तिसऱ्यांदा पाठवलं, आणि आर-नऊ खोलीत आली.

दोघी खाणीच्या दाराशी उभ्या राहिल्या. कंदील मधोमध जमिनीवर. तो उचलेपर्यंत वातही जळत नाही आणि सावल्याही निघत नाहीत. जयाने काहीच केलं नाही. मग तिने 'थांबा'ची ठिणगी टाकली, स्वतःच्याच पायाशी.

आर-नऊने उलट ठिणगी टाकली. 'इकडे.' जयाच्या पायाशी.

जया हसली आणि तिला रडूही आलं. आता पुढे काय? लिहायची सोय नाही. बोलायचं नाही. फोन नंबर द्यायचा कसा? 'छान' आणि 'धन्यवाद' एवढ्यात नंबर बसत नाही. तिला एकच सुचलं. तिने 'इकडे'ची खूण एकामागून एक टाकायला सुरुवात केली, मोबाइलच्या पहिल्या आकड्याइतकी. मध्येच चक्र राखाडी झालं. फार भराभर खुणा केल्या की खेळ काही क्षण हात बांधून ठेवतो, कोणी सोबत्यांना त्रास देऊ नये म्हणून. जयाने वाट पाहिली. पुन्हा टाकल्या. मग 'थांबा', म्हणजे आकडा संपला. मग पुढचा आकडा. शून्यासाठी तिने 'धोका' वापरला.

आर-नऊ गोंधळून तिच्याभोवती फिरत होती. तिसऱ्या आकड्याला पडद्यावर सूचना आली: तुम्ही बराच वेळ हलला नाहीत, बाहेर काढले जाईल. जयाने धडपडत बाहुलीला चालवलं. चालता चालता खूण, थांबून खूण. नंबर अर्धवट राहिला आणि ती मोजणी चुकली. 'थांबा, थांबा, थांबा.' पहिल्यापासून.

या वेळी आर-नऊ फिरायची थांबली. जयाचा एक आकडा झाला की ती तेवढ्याच ठिणग्या परत टाकायची. बरोबर असलं की जया पुढे जायची. बोट दुखायला लागलं. दोन्ही बाहुल्या बंद दारासमोर कोंडलेल्यासारख्या गोल गोल फिरत होत्या, आणि खेळाच्या दोन बाहुल्या बाजूला मख्ख उभ्या होत्या. शेवटचा आकडा झाला. आर-नऊने तो परत टाकला. मग तिने 'धन्यवाद' पाठवलं आणि तुटलेल्या तारेचं चिन्ह आलं.

जया फोन हातात धरून बसली. दीप्ती शिकवणीला गेली. नागसेन आला, चहा झाला. काही नाही. तिने फोन चार्जिंगला लावला, काढला, पुन्हा लावला. दिवेलागणीला मेसेज वाजला.

"जया मी वैभवी. फोन करू नको. मले ऐकू येत नाही."

जयाने लिहिलं, "माहीत आहे."

"कोणी सांगितलं?"

"तूच. गोल दिसते ना तुले? लाल?"

'लिहीत आहे' असं आलं. मग तुकड्या-तुकड्यांनी आलं. काही वर्षांआधी मेंदूज्वर झाला. वाचली, पण दोन्ही कान गेले. कानाचं मशीन लावून पाहिलं, उपयोग नाही. आत बसवायचं ऑपरेशन असतं, त्याला उशीर झाला म्हणाले. कानासोबत तोलही गेला. अंधारात सरळ चालता येत नाही, भिंत धरावी लागते. "पळणं तर गेलंच," तिने लिहिलं. "म्हणून हा गेम. त्याच्यात पळतो मी."

आणि मग, "तुया माइक लुकलुकताना दिसे. वाटे, ही बाई काय बोलत असन एवढी. मंग नाव वाचलं. गेम बंद केला मी. वाटलं, आता फोन लाव म्हणन. मी काय सांगू? गेममध्ये कोणाले माहीत नाही ना वं. तिथं मी चांगली आहो."

जयाने लिहिलं, पुसलं, लिहिलं. शेवटी पाठवलं, "प्लास्टर निघालं की येतो मी."

वैभवीने होही म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. पण दुपारी दोघी खेळत राहिल्या, जयाचा माइक बंद ठेवून.

प्लास्टर निघालं तेव्हा वैभवीने पत्ता पाठवला, आणि काठी घेऊन जया कळमेश्वरच्या बसमध्ये बसली. वैभवीचा नवरा रोहित, खेळातल्या नावातला 'आर', तिथल्या कारखान्यात होता. घर एमआयडीसीच्या अलीकडच्या वस्तीत. दारात शिवणयंत्र, त्यावर अर्धवट ब्लाउज. वैभवी दाराला धरून उभी होती. जाड झाली होती, केस पुढून पिकले होते. जयाने काठी टाकून तिला मिठी मारली आणि दोघी पडता पडता राहिल्या, एकीचा पाय कच्चा आणि एकीचा तोल.

"ये," वैभवी म्हणाली. तिचा आवाज गरजेपेक्षा मोठा होता, आणि शब्दांना चढउतार कमी. जयाने दचकल्याचं लपवलं. वैभवीला ते दिसलं.

सासू गोपिकाबाईंनी पाणी दिलं. जया बोलायला लागली. बसमध्ये भेटलेल्या बाईपासून शाळेच्या मॅडमपर्यंत, एकामागून एक, हात हलवत, मान इकडेतिकडे करत. वैभवी तिच्या ओठांकडे पाहत होती. आधी हसत होती, मग नुसती पाहत होती, मग तिची नजर थकली.

"अन् थांब," जया म्हणाली, "पंचफुलाले व्हिडिओ कॉल लावतो. ती तर वेडीच होईन तुले पाहून!" तिने फोन काढलासुद्धा.

वैभवीला 'पंचफुला' कळलं आणि वर केलेला फोन कळला. ती झटकन उठली, भिंतीला हात लावून आतल्या खोलीत गेली.

जयाने फोन खाली घेतला. तिने तो पालथा ठेवला. गोपिकाबाई हळूच म्हणाल्या, "तिले लोकाईसमोर नाही आवडत, बाई. इतके दिवसांत तूच पहिली आली."

जया काठी टेकत आत गेली. वैभवी पलंगावर बसली होती.

"गेममध्ये बरी होतीस तू," वैभवी त्या सपाट, मोठ्या आवाजात म्हणाली. "तिथं एका वेळी एकच खूण करे."

"चुकलं मायं."

"काय?"

"चुकलं म्हटलं. ग्रुपले नाही सांगत. कोणालेच नाही."

"हळू बोल. तोंड इकडे करून. अन् हात खाली ठेव, मी हाताकडेच पाहतो मंग."

जयाने हात मांडीखाली दाबले. तिला हळू काहीच करता येत नव्हतं, कधीच आलं नव्हतं. वैभवी वाट पाहत होती. तिच्या चेहऱ्यावर आता राग नव्हता. पण आता काहीतरी खरं सांगितलंच पाहिजे, असं तिचं पाहणं होतं. आणि जयाच्या तोंडून जे निघालं ते तिने नागसेनलाही सांगितलं नव्हतं.

"सोमवारपासून ड्यूटी आहे. मले भीती वाटून राहिली."

वैभवीने भुवया जवळ आणल्या. "काय वाटून राहिली?"

"भीती."

"मिठी?"

"भीती!" जया ओठ ताणून म्हणाली. बाहेर गोपिकाबाईंच्या हातातली भांडी थांबली. जयाचा चेहरा तापला. पण वैभवी अजून वाट पाहत होती, म्हणून तिने पुन्हा सांगितलं, एकेक शब्द सुटा करून. "त्या रोडची. ट्रकची. गाडीवर बसाची. मले, भीती, वाटते."

वैभवीला कळलं. तिने मान हलवली आणि जयाच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"बसनं जाय ना मंग. कंपनीची बस नाही का?"

"आहे."

"तिच्यात कोण जाते?"

"काजल जाते."

"मंग कायची भीती?"

 बस जयाला माहीत होती, काजलने दोनदा विचारलंही होतं. तिनेच गाडीचा हट्ट धरला होता, कारण बसने गेलं की भीती सगळ्यांना कळली असती. ती खाली पाहून तेच पुटपुटली.

"वर पाह्य," वैभवी म्हणाली. "नाही दिसत मले."

जयाने मान वर केली आणि पुन्हा सांगायला सुरुवात केली.